आत्याच्या घड्याळात आतेभावाचं नाव

दिवाळीत कराडला गेले तेव्हा आत्याच्या मनगटावर अ‍ॅपल वॉच दिसलं. आतेभावाचं जुनं. त्याचं वापरून झालं, तेव्हा "आई, तू घाल, पडलीस तर आपोआप फोन लागतो" म्हणून त्याने तिला दिलेलं. आत्याचं वय 68. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप बदलून धातूची बसवली आहे आणि तेव्हापासून ती रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. घड्याळ द्यायची कल्पना चांगलीच होती.

मी सहज तिच्या घड्याळाच्या बाजूचं लांबट बटण दाबून धरलं. पडद्यावर सरकवायच्या पट्ट्या आल्या. त्यातली `Medical ID` लिहिलेली पट्टी उजवीकडे सरकवली आणि समोर आलं आतेभावाचं नाव. वय 38, रक्तगट ओ पॉझिटिव्ह, कसलीही अ‍ॅलर्जी नाही, कुठलंही औषध चालू नाही. खाली अडीअडचणीला फोन करायचा नंबर होता, आणि तो होता खुद्द आत्याचाच. म्हणजे आत्या जिन्यात बेशुद्ध पडली असती, तर घड्याळाने सांगितलं असतं की हा अडतीस वर्षांचा निरोगी पुरुष आहे, त्याच्या आईला कळवा. आणि फोन आत्याच्याच पर्समध्ये वाजला असता.

हे कसं झालं ते समजलं की ही सगळी सोयच समजते. घड्याळात मेडिकल आयडी भरायची जागा नसते. माहिती भरायची असते आयफोनमधल्या हेल्थ अ‍ॅपमध्ये, आणि घड्याळ ज्या आयफोनला जोडलेलं असेल त्या फोनच्या मालकाची माहिती स्वतःकडे उतरवून घेतं. मनगट कोणाचं आहे हे त्याला कळत नाही. आतेभावाने घड्याळ आईला दिलं, पण जोडणी स्वतःच्या फोनशीच ठेवली. घरात वेळ दिसत होती, पावलं मोजली जात होती, त्यामुळे काही चुकलंय असं कोणालाच वाटलं नाही.

याच चुकीची दुसरी बाजू आणखी वाईट होती. पडल्याचं ओळखायची सोय सिरीज 4 पासूनच्या घड्याळांत आहे. पण ती आपोआप चालू होते ती हेल्थ अ‍ॅपमधलं वय 55 किंवा त्याहून जास्त असेल तरच. आतेभाऊ अडतीसचा, त्यामुळे ती आपोआप चालू झालेली नव्हती आणि कोणी हाताने केलीही नव्हती. ज्या कारणासाठी घड्याळ दिलं, नेमकं तेच बंद.

मग दुपारभर बसून आम्ही ते नीट केलं. आतेभावाचा जुना आयफोन कपाटात पडून होता, तो आत्याला दिला, तिचं सिम त्यात घातलं, तिचं स्वतःचं अ‍ॅपल खातं उघडलं. त्याच्या फोनवरून घड्याळाची जोडणी तोडली आणि तिच्या फोनला नव्याने जोडलं. हे करताना घड्याळ पुसलं जातं, ते चालतं. आत्याकडे अँड्रॉइड फोनच ठेवायचा असता तर मात्र हा मार्गच नव्हता, कारण अ‍ॅपल वॉचला आयफोनच लागतो. तशा वेळी घड्याळाचा नाद सोडून वेगळं काही करावं लागतं, त्याबद्दल पुढे.

माहिती भरायची जागा अशी: आयफोनवर हेल्थ अ‍ॅप उघडायचं, वरच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चित्रावर बोट ठेवायचं, `Medical ID` निवडायचं आणि `Edit`. तिथेच एक बटण आहे, `Show When Locked`. ते चालू नसेल तर कुलूपबंद फोनवर आणि घड्याळावर माहिती दिसत नाही. घड्याळ मनगटावरून काढलं की लगेच कुलूपबंद होतं. आणि अपघातात ते काढलं जाणारच आहे: सलाईनची सुई लावायला, रक्तदाबाचा पट्टा बांधायला, सुजलेला हात मोकळा करायला. बाकी सगळं भरून हे एक बटण विसरलं, तर काढून बाजूला ठेवलेलं घड्याळ गप्प बसतं.

भरायला मी सुरुवात केली तेव्हा सगळंच लिहावंसं वाटलं. कॅल्शियमची गोळी, मोतीबिंदूचं ऑपरेशन, गुडघेदुखी, लहानपणचा टायफॉइड. माझी एक मैत्रीण काही वर्षं 108 च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर होती. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. मी तिला यादी पाठवली, तर तिने जवळजवळ सगळं खोडून परत पाठवलं. "पडदा केवढासा आहे बघ," ती म्हणाली. "एका हाताने मान धरलेली असते, दुसऱ्या हाताने मी वाचणार. जे वाचून मी काहीतरी वेगळं करणार आहे, तेवढंच लिही."

ही कसोटी मला फार आवडली. मधुमेहाचं उदाहरण घ्या. बेशुद्ध माणसाच्या बोटाला टोचून साखर तर ते तपासतातच, लिहिलेलं असो वा नसो. तरी 'इन्सुलिन घेतो' ही ओळ कामाची आहे, कारण साखर एकदा वाढवली तरी ती पुन्हा उतरू शकते हे त्यातून कळतं. गुडघेदुखी वाचून मात्र कोणी काहीच वेगळं करणार नाही.

आत्याच्या बाबतीत अशा मुख्य ओळी तीनच निघाल्या. पहिली, धातूची झडप. दुसरी, रक्त पातळ करायची गोळी, तिचं नाव अ‍ॅसिनोकुमारॉल. तिसरी, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. पहिल्या दोन ओळी एकत्र का हव्यात हे मैत्रिणीने समजावलं, ते इथे सांगते, कारण मला ते ठाऊक नव्हतं.

रक्त पातळ ठेवणारा माणूस डोक्यावर पडला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. तो बऱ्याचदा हळूहळू होतो. पहिला तासभर माणूस बोलतो, चहा मागतो आणि नंतर कधीतरी सुस्त होत जातो. गोळी चालू आहे हे कळलं तर डॉक्टर तो तासभर वाट बघत बसत नाहीत, डोक्याचा सीटी स्कॅन करायला पाठवतात. रक्तस्राव दिसला तर गोळीचा परिणाम उलटवायला व्हिटॅमिन के किंवा रक्त गोठवणारे घटक देतात. पण धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणूनच तर ती गोळी असते. परिणाम उलटवला की झडपेला धोका. नुसती गोळी लिहिली आणि झडप लिहिली नाही, तर समोरच्याला हिशेबाची एकच बाजू दिसते.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. ती आपल्याकडच्या गल्लीतल्या दवाखान्यांना तंतोतंत लागू पडते. पडून दुखतंय म्हटलं की आपल्याकडे बऱ्याचदा आधी दंडात नाहीतर कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळतं. रक्त पातळ असलेल्या माणसाला स्नायूत सुई टोचली की तिथेच आत रक्त साकळू शकतं, आणि डायक्लोफिनॅक स्वतः रक्तस्रावाची शक्यता वाढवतं. ही चूक रुग्णवाहिका यायच्या आधीच होते. म्हणून तिने टिपणाच्या जागेत एक ओळ वेगळी घालायला लावली.

शेवटी जे भरलं ते असं होतं:

```
Medical Conditions:
MECHANICAL MITRAL VALVE. High BP.

Allergies & Reactions:
PENICILLIN - face swelling, breathless

Medications:
ACENOCOUMAROL daily - BLOOD THINNER
Metoprolol

Medical Notes:
NO IM injections. NO diclofenac.
Head injury: CT early. Check INR.
Speaks Marathi. File with son.
```

यात मराठी का नाही, असं आत्याने विचारलं. मी सांगितलं, तू मराठीच बोलतेस पण तुझ्या गोळीचं नाव डॉक्टर इंग्रजीतच वाचतात. शिवाय आत्या दर हिवाळ्यात लेकीकडे बंगळुरूला जाते. तिथल्या रुग्णवाहिकेतल्या माणसाला देवनागरी येईलच असं नाही. गोळीचं बाजारातलं नाव टाळून आतल्या औषधाचं नाव लिहिलं, कारण बाजारातली नावं कंपनीगणिक बदलतात. मोठी अक्षरं फक्त जीव अडकलेल्या शब्दांना. सगळंच मोठ्या अक्षरांत लिहिलं की डोळा कुठेच थांबत नाही.

अ‍ॅलर्जीपुढे काय होतं ते लिहिलं आहे, हेही मैत्रिणीच्याच सांगण्यावरून. नुसतं 'पेनिसिलिन' लिहिणाऱ्या बऱ्याच लोकांना खरं तर फक्त पोट बिघडलेलं असतं. चेहरा सुजून दम लागला होता हे वाचलं की शंका उरत नाही. आत्याच्या गोळीचा डोस मात्र आम्ही मुद्दाम लिहिला नाही. रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या आयएनआरच्या रिपोर्टनुसार तो दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो, आणि घड्याळातला जुना आकडा कोणी खरा मानून बसलं तर त्रास. ताजा आकडा फाइलमध्ये असतो, ती मुलाकडे असते, एवढं सांगणं पुरे.

रक्तगट आम्ही भरला, पण त्यावर आतेभावाशी थोडा वाद झाला. त्याच्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा, सगळ्यांनाच असं वाटतं. प्रत्यक्षात कुठलंही बरं रुग्णालय घड्याळातला रक्तगट वाचून रक्त चढवत नाही. ते स्वतः नमुना घेऊन गट तपासतात आणि आणलेली पिशवी त्या नमुन्याशी जुळवून बघतात. तेवढाही वेळ नसेल तर ओ गटाचं रक्त वापरतात. रक्तगट लिहिल्याने बिघडत काही नाही, एवढंच. दुचाकीच्या नंबरप्लेटवर रक्तगट रंगवणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं, पण ते असो.

आता नंबर. मेडिकल आयडीत शेवटी फोन करायच्या माणसांची जागा असते. ही माणसं फोनच्या संपर्क यादीतून निवडायची आणि नातं सांगायचं. या नंबरांना दोन कामं असतात. मदत करणारा माणूस ते पडद्यावर वाचून फोन करू शकतो, हे एक. दुसरं म्हणजे घड्याळावरून तातडीचा कॉल लागला, तर कॉल संपल्यावर घड्याळ या सगळ्यांना मेसेज पाठवतं की अमक्याने तातडीचा कॉल केला आहे आणि तो इथे आहे. जागा बदलत राहिली तर तेही कळवत राहतं. मधे रद्द करण्याची संधी मिळते.

आत्यासाठी आम्ही तीन नावं घातली: मुलगा, बंगळुरूची मुलगी आणि समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी. वहिनींचं नाव ऐकून आतेभाऊ जरा बुचकळ्यात पडला. पण सकाळी अकराला आत्या जिन्यात पडली तर मुलगा पुण्यात ऑफिसात आणि मुलगी बंगळुरूत. दोन मिनिटांत दारात पोचणारी व्यक्ती समोरच राहते. तिन्ही नंबर पुढे +91 लावून जतन केले. नुसता दहा आकडी नंबर भारतात चालतो. उद्या आत्या भाच्याकडे दुबईला गेली आणि तिथल्या कोणी लावला, तर तो लागणार नाही.

एक बारीकशी गोष्ट आम्हाला योगायोगाने कळली. आत्याचा प्रीपेड रिचार्ज संपत आला होता. 112 ला फोन रिचार्ज संपलेला असला तरी लागतो. पण मुलाला जाणारा साधा एसएमएस रिचार्ज नसेल तर अडकतो. म्हणजे रुग्णवाहिका येईल आणि घरच्यांना पत्ता नसेल. तेव्हापासून तिचा रिचार्ज वर्षभराचा एकदाच केला जातो.

सगळं भरल्यावर तपासायचं कसं, तर घड्याळ हातातून काढून. काढलं की ते कुलूपबंद होतं, अगदी अनोळखी माणसाच्या हातात पडल्यासारखं. मग बाजूचं बटण दाबून धरायचं आणि पट्ट्या दिसल्या की बोट लगेच उचलायचं. हे महत्त्वाचं आहे. तसंच दाबून ठेवलं तर उलटी मोजणी सुरू होते, भोंगा वाजतो आणि शेवटी खरोखर 112 लागतो. मोजणी सुरू झाली तर बटण सोडून दिलं की थांबते. आतेभावाने पहिल्यांदा घाबरून आणखीनच घट्ट दाबलं, मी त्याच्या हातातून घड्याळ हिसकावलं.

बटण दाबून धरल्यावर कॉल लागण्याची ही सोय वॉच अ‍ॅपमध्ये `Emergency SOS` या ठिकाणी बंद करता येते. झोपेत मनगट वळून बटण दाबलं जातं म्हणून काही लोक ती बंद करतात. बंद केली तरी मेडिकल आयडी दिसतच राहतो, आणि तातडीच्या कॉलची पट्टी हाताने सरकवता येते. त्याच जागी `Fall Detection` आहे. आत्याचं खरं वय भरल्यावर ते आपोआप चालू झालं होतं, पण मी उघडून डोळ्यांनी पाहिलं. जोरात पडल्यावर घड्याळ टोचण्या देऊन विचारतं. माणूस साधारण मिनिटभर हललाच नाही तर तीस सेकंद उलटी मोजणी करतं आणि मग तातडीचा नंबर लावतं. आत्याचं घड्याळ स्वतःच्या सिमचं नाही, त्यामुळे कॉलसाठी फोन जवळपास लागतो. फोन देवघरात आणि ती गच्चीवर, असं असेल तर कॉलची खात्री नाही. मेडिकल आयडी मात्र घड्याळातच साठवलेला असल्याने नेटवर्क असो वा नसो, दिसतो.

तेवढं झालं तरी एक प्रश्न उरतोच: बघणार कोण? मैत्रिणीला मी सरळ विचारलं, तू किती वेळा कोणाच्या घड्याळाचं बटण दाबून पाहिलंस? ती हसली. "मनगट आम्ही सगळ्यात आधी धरतो, पण नाडीसाठी. घड्याळ आडवं आलं तर वर सरकवतो." खेड्यापाड्यांत तर रुग्णवाहिकेच्या आधी रिक्षा नाहीतर शेजाऱ्याची गाडी येते, आणि त्या माणसाला बटणाची काहीच कल्पना नसते. बॅटरी संपली असेल तर पडदा नुसताच काळा. पडताना काच फुटली असेल तरी तेच.

म्हणून तिने सांगितलेला उपाय फार साधा होता. घड्याळाच्या पट्ट्यावर एक छोटी धातूची पट्टी अडकवायची, त्यावर तीन शब्द कोरायचे: `BLOOD THINNER`, `VALVE`. दोनच झाले, तिसरा `PENICILLIN` मागच्या बाजूला. पट्टी दिसायला काही करावं लागत नाही आणि ती चार्जही करावी लागत नाही. कोरलेली माहिती मनगटावर घालायची पद्धत जुनीच आहे. अमेरिकेत मेडिकअलर्ट ही संस्था 1956 मध्ये याच कामासाठी निघाली. तिच्या संस्थापकांच्या मुलीला धनुर्वाताच्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी निघाली होती, त्यातून ती सुचली. कराडात आम्हाला ही पट्टी ट्रॉफीवर नावं कोरणाऱ्याने करून दिली. ज्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे किंवा हजार-दोन हजारांचं घड्याळ आहे, त्यांनी आधी तपासावं की आपलं घड्याळ कुलूपबंद असताना ही माहिती दाखवतं का. नसेल दाखवत, तर ही पट्टी आणि पाकिटात लॅमिनेट केलेलं एक कार्ड एवढ्याने बरंचसं काम होतं.

खासगीपणाचा प्रश्न आत्यानेच काढला. "म्हणजे कोणीही दाबलं की माझं सगळं वाचणार?" हो, वाचणार. कुलूप असताना दिसायला हवं, याचा अर्थच तो. म्हणून आम्ही घराचा पत्ता घातला नाही. मानसिक आजाराची किंवा एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांनी इथे जास्त विचार करावा. काही औषधं तातडीच्या उपचारांत खरंच आड येतात, ती लिहावीत असं मला वाटतं. पण आजाराचं नाव लिहायची सक्ती नाही, औषधाचं नाव पुरतं, आणि कुठलं औषध लिहिणं गरजेचं ते स्वतःच्या डॉक्टरला विचारून ठरवावं.

फोटोचं तेवढं राहिलं होतं. मेडिकल आयडीत फोटो लावता येतो, आणि घड्याळ आईचं की मुलाचं हे ओळखायला तोच सगळ्यात सोपा. आतेभावाने लग्नातला, नथ घातलेला फोटो निवडला. आत्याने तो पाहिला आणि चष्मा लावून रोज घरात असते तसा दुसरा काढायला लावला. "मी जिन्यात पडणार ती नथ घालून पडणार नाही," ती म्हणाली.